मुनव्वरचा पासपोर्ट आणि अब्बासचाचांची ट्रंक

मुनव्वरला आयुष्यात एक शब्द कधी नीट उच्चारता आला नाही, आणि तो म्हणजे ‘नाही’. बाकी माणूस हुशार. कुवेतमधल्या सफातजवळच्या एका लोखंडी सामानाच्या कंपनीत स्टोअरकीपर. साडेतीन हजार प्रकारचे नट-बोल्ट कुठल्या खणात आहेत ते डोळे मिटून सांगायचा. पण कुणी काही मागितलं की त्याच्या जिभेला गाठ बसायची. या एका दोषापायी त्याच्या दोन छत्र्या, एक इस्त्री आणि लग्नातला सूट कुवेतभर फिरत होता. छत्र्यांचं दुःख त्याला नव्हतं. कुवेतमध्ये छत्री लागते कुणाला?

पासपोर्टची गोष्ट मात्र वेगळी होती. पासपोर्ट बिल्कीसने, म्हणजे त्याच्या बायकोने, बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात, डबा कपड्यांच्या पेटीत आणि पेटी पलंगाखाली अशा बंदोबस्तात ठेवला होता. त्या निळ्या पुस्तकात मुनव्वरचा फोटो होता, बिल्कीसचं नाव होतं आणि मधल्या पानावर कुवेत सरकारचा इकामा होता, म्हणजे या देशात राहायची परवानगी. पुस्तक एकच, पण ते हातात नसेल तर माणूस घरी जाऊ शकत नाही आणि राहूही शकत नाही. हे त्याला नीट ठाऊक होतं. म्हणूनच शनिवारी संध्याकाळी यूनुस चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, “मुनव्वरभाई, तुमचा पासपोर्ट दोन दिवस द्या,” तेव्हा त्याने आपलाही कप खाली ठेवला.

आता हा यूनुस कोण, ते सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. यूनुस मुनव्वरच्या गावासमोरच्या, खाडीपलीकडच्या गावचा, अहमदीला तेल कंपनीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन. त्याचा धाकटा भाऊ अशरफ आणि मुनव्वरची धाकटी बहीण असमा यांची सोयरीक गेल्या ईदला ठरली होती. सुपारी फुटली होती, तारीख निघायची होती. वडील गेल्यापासून असमाचं लग्न ही मुनव्वरची जबाबदारी, आणि असमाने पत्रात आयुष्यात पहिल्यांदा लाजून दोन ओळी खोडल्या होत्या. म्हणजे मागणारा नुसता ओळखीचा माणूस नव्हता. मागणारा मुलाकडचा होता.

“त्याचं असं आहे,” यूनुस म्हणाला. “सुरैया येतेय पुढच्या महिन्यात. हवल्लीत दोन खोल्या बघून ठेवल्यात. पण मालकाचा कारकून म्हणतो, आयला, म्हणजे बायको-कुटुंब असेल तरच घर, एकट्या पुरुषाला नाही. माझ्या पासपोर्टवर बायको अजून चढली नाही. तुमच्या पासपोर्टवर भाभींचं नाव आहे. नुसतं दाखवायचं, आमचे होणारे पाहुणे इथे सहकुटुंब राहतात म्हणून.”

यूनुस वाईट माणूस नव्हता. तो उद्या एखाद्याच्या घरी फ्यूज उडाली तर रात्रीची झोप सोडून जाणारा. मुनव्वरचा त्याच्यावर विश्वास होता. पण त्या कारकुनावर? त्या घरावर? कागदावर नाव कुणाचं लागणार, भाड्याला कोण उभा राहणार, आणि उद्या सुट्टीवर जाताना कुणी विचारलं की हवल्लीतल्या घराचं काय, तर? एवढे सगळे प्रश्न त्याच्या डोक्यात एकदम उठले. आणि या सगळ्याचं उत्तर तोंडातून आलं ते असं.

“अरे, द्यायला काय हरकत आहे. पण पासपोर्ट माझ्याकडे नाही ना. तो अब्बासचाचांच्या ट्रंकेत आहे.”

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या बिल्कीसच्या हातातली वाटी थांबली. पासपोर्ट तिच्यापासून चार हातांवर पलंगाखाली होता.

अब्बासचाचांची ट्रंक हे मुनव्वरच्या गावातल्या लोकांनी कुवेतमध्ये उभं केलेलं एक लहानसं सरकार होतं. मुर्गाबमध्ये गावच्या जमातीची एक खोली होती. एकटे पुरुष तिथे दहा-बारा जण राहायचे, आणि त्यांचे पासपोर्ट, घरची पत्रं, एखादी अंगठी असं सगळं चाचांच्या हिरव्या ट्रंकेत राहायचं. ट्रंक उघडायची ती दोन साक्षीदारांसमोर, वहीत सही घेऊन. मुनव्वर बिल्कीसला आणल्यापासून त्या खोलीतून बाहेर पडला होता, पासपोर्टही तेव्हाच काढून आणला होता. पण यूनुस दुसऱ्या गावचा. त्याला काय माहीत? आणि चाचा परगावच्या माणसाला ट्रंकेची कडीसुद्धा दाखवत नाहीत. म्हणजे नकार चाचांचा, नियम जमातीचा, आणि मुनव्वर बिचारा मोकळा. आपल्याला एवढी अक्कल कुठून आली याचं त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं.

“मग मी चाचांनाच भेटतो,” यूनुस उठत म्हणाला.

कौतुक तिथेच संपलं.

“खोटं बोललात,” यूनुस गेल्यावर बिल्कीस म्हणाली.

“खोटं कुठे? उद्या सकाळी ते खरं होईल.”

“म्हणजे?”

“म्हणजे उद्या तो ट्रंकेत नेऊन ठेवतो.”

बिल्कीसने कपाळावर हात मारला नाही, ती तशी बाई नव्हती. तिने एवढंच विचारलं, “सरळ का नाही सांगितलंत? पासपोर्ट देत नाही, मी सोबत येतो, म्हणून?”

“आणि त्याला वाटलं असतं, माझा त्याच्यावर विश्वास नाही. तो घरी लिहील. अशरफची आई काय म्हणेल? नात्याच्या आधीच हिशेबाने वागतात. असमाचं काय होईल?”

यावर बिल्कीसने पलंगाखालची पेटी ओढली, कारण असमा तिचीही लाडकी होती.

शेजारी झहूर राहायचा. भिंत इतकी पातळ की त्याला सल्ला द्यायला वेगळं बोलावणं लागायचं नाही. तो दारातूनच म्हणाला, “बरोबर केलंस. उगाच खरं बोलून माणसं दुखवायची कशाला? आणि हे नाही जमलं तर सांग, पासपोर्टाचा फोटो बदलायला दिलाय. तेही नाही जमलं तर सांग, शिवण उसवलीय.” झहूरकडे प्रत्येक प्रसंगाला पुरतील इतकी निमित्तं असायची, आणि त्याने स्वतः त्यातलं एकही कधी वापरलं नव्हतं, कारण त्याच्याकडे कुणी काही मागतच नसे.

रविवारी पहाटेच मुनव्वर मुर्गाबला गेला. चाचा नुकतेच नमाज आटपून चहा घेत होते. पासष्टी पार केलेले, बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम म्हणून हयात काढलेले, आणि त्या हयातीत कुणाकडून उद्धट शब्द ऐकून न घेतलेले. मुनव्वरने पासपोर्ट पुढे केला.

“ठेवा ट्रंकेत.”

“का रे पोरा? घरात जागा नाय?”

आता इथे खरं सांगायचं होतं. ‘यूनुस मागायला येईल, तुम्ही नाही म्हणा.’ एवढं वाक्य. पण मग चाचा विचारणार, का नाही? आणि मग मुलाकडच्या माणसाबद्दल भलतंसलतं चाचांच्या तोंडी जाणार, चाचांच्या तोंडातून खोलीत, खोलीतून गावात. मुनव्वरने ते वाक्य चावून चावून बारीक केलं.

“तसं काही नाही. आपल्या ट्रंकेत असलेलं बरं. कुणी मागायला आलं तर... तुम्ही काय ते बघा.”

“बघतो ना,” चाचा म्हणाले. दोन साक्षीदार झोपेतून उठवले गेले, वहीत सही झाली, कुलूप लागलं. मुनव्वर निश्चिंतपणे कामावर गेला आणि दिवसभर शीळ घालत वॉशर मोजत बसला.

मंगळवारी संध्याकाळी तो सहज म्हणून मुर्गाबला डोकावला. चाचा त्याला बघून अत्यंत प्रसन्न झाले. त्यांनी शेजारी बसवलं, पाठीवर हात ठेवला.

“तुझी अब्रू राखली हो मी.”

“म्हणजे?”

“तुझा व्याही आला होता ना, काल. पासपोर्ट पायजे म्हणत. मी विचार केला, पोरगी द्यायचीय त्या घरात. नाय म्हटलं तर गावाचं नाव जाईल. आणि तू तर बोलूनच गेला होतास, ‘तुम्ही काय ते बघा’ म्हणून. दिला काढून.” मुनव्वरच्या चेहऱ्याकडे बघून ते घाईने म्हणाले, “मी काय तसाच दिला नाय हां. नीट बंदोबस्त करून दिलाय.”

बंदोबस्त कसला, हे मुनव्वरने विचारायला हवं होतं. पण त्याच्या कानात तेव्हा नुसतं घों घों होत होतं. पासपोर्ट द्यायचा नाही म्हणून ज्या ट्रंकेची थाप मारली, त्या ट्रंकेतूनच तो गेला होता. घरी डब्यात असता तर आज डब्यात असता. अशी गोष्ट माणूस बायकोला सांगणार तरी कशी? त्याने सांगितलं नाही. बिल्कीसने मात्र त्याच्या न संपलेल्या भाकरीकडे बघून ओळखलं.

आणि बुधवारी सकाळी कंपनीच्या मॅनेजरने नोटीस लावली. सगळ्यांचे इकामे नूतनीकरणाला जाणार. पासपोर्ट उद्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत टेबलावर हवेत. गुरुवारी अर्धा दिवस, शुक्रवारी सुट्टी, आणि शनिवारी मुदत संपलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीची नाही. खाली मुदत संपणाऱ्यांची यादी होती. त्यात तिसरं नाव मुनव्वरचं.

तो मॅनेजरकडे गेला, पोटात कळ येतेय म्हणाला. ते खोटं नव्हतं. मग सफातवरून अहमदीच्या टॅक्सीत बसला. चार माणसं, दोन कोंबड्या आणि एक पंखा घेऊन टॅक्सी वाळवंटातून धावत होती, आणि मुनव्वर मनातल्या मनात झहूरचे सल्ले चाळत होता. फोटो बदलायचाय. पण फोटो तर यूनुसने पाहिला असणार. शिवण उसवलीय. तीही पाहिली असणार. पंख्याच्या मालकाने त्याला विचारलं, “काय भाई, कुणी गेलं काय?” एवढा चेहरा पडला होता त्याचा.

वर्कशॉपच्या फाटकाशी यूनुस भेटला. मुनव्वरला बघून तोही दचकला, आणि ते मुनव्वरच्या लक्षात आलं नाही.

“चाचांनी पासपोर्ट परत मागवलाय,” मुनव्वर म्हणाला. म्हणजे तिथेही त्याने चाचांनाच पुढे केलं.

यूनुसने हातातला टेस्टर खिशात घातला, बाहेर काढला, परत घातला. “माझ्याकडे नाही.”

“नाही म्हणजे?”

“कारकुनाच्या खणात आहे. तो नुसता बघणार होता. बघितला आणि कागदावर तुमचं नाव लिहून मोकळा झाला. म्हणतो, ज्याचा पासपोर्ट त्याचं घर, तो माणूस सही करायला आण. मी म्हटलं, आणतो. तुम्हाला सांगायचं कसं, तेच कळेना. तीन दिवस गिळत नाही मला काही.” तो पुढे काही बोलणार होता, पण थांबला.

मुनव्वर खाली बसला. म्हणजे हवल्लीत त्याच्या नावाचं घर होतं, ज्याची त्याने चौकटही पाहिली नव्हती. आणि जे त्याला शनिवारी भीतीने सुचलं होतं, ते नेमकं तसंच झालं होतं. त्यात यूनुसची लबाडी नव्हती. लबाडी असती तर एक वेळ रागवता तरी आलं असतं.

गुरुवारी सात वाजता दोघे हवल्लीत कारकुनाच्या दाराशी उभे होते. कारकून आला आठला. पॅलेस्टिनी, गळ्यात चष्मा, आणि बोलायचा ती अर्धी अरबी, अर्धी हिंदुस्तानी अशी भाषा, जी कुवेतमध्ये सगळ्यांना समजते आणि कुणालाच नीट येत नाही. त्याने खण उघडला. निळा पासपोर्ट होता तिथे. मुनव्वरला भरून आलं.

“मेरा पासपोर्ट दो,” तो म्हणाला.

“साइन करो, ले जाओ.”

“साइन नहीं करना. घर मेरा नहीं.”

कारकुनाने चष्मा लावून दोघांना आळीपाळीने पाहिलं. त्याला ही गोष्ट नवीन नसावी. त्याने शांतपणे समजावलं: कागद या पासपोर्टवर झाला आहे. मालकाच्या वहीत नंबर गेला आहे. कागद रद्द करायचा तर ज्याचं घर त्याचा पासपोर्ट आण, वहीत त्याचा नंबर घालतो, हा सोडतो. बायको येणार असेल तर तिचा परवाना आणि बोटीचं तिकीट दाखव. एवढंच. “पहले दिन क्यों नहीं लाया तुम्हारा?” त्याने यूनुसला विचारलं.

“हो रे,” यूनुसच्या खिशातले सुरैयाचे कागद बघत मुनव्वरही म्हणाला. “तिकीट आहे, परवाना आहे, मग तुझा स्वतःचा पासपोर्ट का नाही आणलास?”

“तिकिटावर चालतं हे आधी ठाऊक नव्हतं. आणि आता तो चाचांच्या ट्रंकेत आहे,” यूनुस म्हणाला.

“काय?”

“चाचा म्हणाले, ट्रंकेतून एक बाहेर गेला तर एक आत यायला पायजे, नियम आहे. तुमचा घेतला, माझा ठेवला. सोमवारपासून मी बिनपासपोर्टाचा फिरतोय. मला वाटलं, मागितलाय आपण, आता बोलायचं कसं?”

हा चाचांचा बंदोबस्त होता. सोमवारपासून कुवेतमध्ये दोन सज्जन एकमेकांची मनं जपत कागदाशिवाय हिंडत होते. साडेआठ वाजले होते.

टॅक्सी करून दोघे मुर्गाबला आले. खोलीतले सगळे कामावर गेले होते, चाचा एकटेच मासे साफ करत बसले होते.

“यूनुसचा पासपोर्ट द्या चाचा, लवकर,” मुनव्वर म्हणाला.

“देतो ना. तुझा आण. एक आत, एक बाहेर.”

“माझा कारकुनाकडे आहे. तो यूनुसचा दिल्याशिवाय सोडत नाही.”

“मग मी कसा देऊ? नियम हाय.” चाचांनी माशाची शेपटी कापली. “उद्या दुसरा येईल, म्हणेल, त्याला दिला मला का नाय? अकरा मानसांचे कागद हायत त्या ट्रंकेत.”

यात चाचांची चूक नव्हती, आणि हीच सगळ्यात मोठी अडचण होती. कारकून बरोबर होता, चाचा बरोबर होते, यूनुसचा काही दोष नव्हता. नऊला पाच मिनिटं कमी होती. बारा वाजता टेबलावर पासपोर्ट नसेल तर इकामा जाईल, मग नोकरी, मग असमाचं लग्न कुणी करायचं? चुकीचा माणूस या सगळ्यात एकच होता. मुनव्वरने आजूबाजूला बघितलं, दुसरा कुणी सापडतो का म्हणून. नव्हता.

“चाचा, मी खोटं बोललो,” तो म्हणाला.

चाचांचा सुरा थांबला. यूनुस दाराशी उभा होता.

“माझा पासपोर्ट या ट्रंकेत नव्हताच. घरी होता. यूनुसने मागितला, मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून तुमचं नाव घेतलं. मग ते खरं करायला इथे आणून ठेवला.” तो यूनुसकडे वळला. एकदा सुरू झाल्यावर थांबणं जमेना. “यूनुस, तुझ्यावर अविश्वास नव्हता. नाही. माझ्या लेखी तू घरचाच आहेस. पण पासपोर्ट मी कुणालाच देत नाही. माझ्या बापाने मागितला असता, तर त्यालाही हेच म्हटलं असतं. त्यात माझा इकामा आहे, बिल्कीस आहे. तो दुसऱ्याच्या हातात गेला की त्याच्यावर काय लिहिलं जाईल, हे त्या दुसऱ्यालाही ठाऊक नसतं. बघ ना, तुला तरी ठाऊक होतं का? तू मागितलास तेव्हा मी म्हणायला हवं होतं, पासपोर्ट देत नाही, पण उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर येतो. माझा दाखवतो, माझ्याच हातात ठेवून. कारकुनाशी बोलतो. तुझ्यासाठी शब्द टाकतो. एवढं म्हणायचं होतं. म्हटलं नाही.”

यूनुसच्या तोंडावरून काही कळेना. त्याच्या मनात अशरफ असेल, आई असेल, गाव असेल, मुनव्वरला काय दिसणार? त्याला एवढंच दिसलं की असमाचं लग्न त्या दारात उभं आहे आणि आत यायचं की परत जायचं, ते ठरवतंय.

चाचांनी सुरा पाण्यात टाकला, हात धुतले. “म्हंजे मी तुझी अब्रू राखली नाय, तू माझ्या ट्रंकेची घालवलीस,” ते म्हणाले. मग कोट चढवला. “चला.”

“कुठे?”

“कारकुनाकडं. पासपोर्ट ट्रंकेबाहेर एकटा जात नाय, नियम हाय. ट्रंक घेऊन मी जातो. नियम मोडत नाय नि काम अडत नाय.”

हिरवी ट्रंक टॅक्सीच्या टपावर बांधली. चाचा दर चौकात खिडकीतून हात बाहेर काढून ती चाचपायचे. मागच्या सीटवर मुनव्वर आणि यूनुस दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते. दोघांच्या मधोमध एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती.

हवल्लीत चाचांनी ट्रंक कारकुनाच्या टेबलावर ठेवली. कारकून उठून उभा राहिला, त्याला वाटलं कुणी सामान घेऊन राहायलाच आलं. चाचांनी वही काढली, कारकुनानेही वही काढली. दोघांनी एकमेकांच्या वह्या आदराने बघितल्या. मग चाचांनी यूनुसचा पासपोर्ट टेबलावर ठेवला आणि त्याच्यावर पंजा ठेवला. कारकुनाने मुनव्वरचा ठेवला आणि त्याच्यावर पंजा ठेवला. “तुम पहले,” कारकून म्हणाला. “तुम पहले,” चाचा म्हणाले. यात सव्वादहा झाले.

शेवटी मुनव्वरने घसा साफ केला. “साहेब, ये यूनुस,” तो कारकुनाला म्हणाला. “इसकी बीवी बीस दिन में आती है. तिकीट देखो, परवाना देखो. मैं इसको जानता हूँ. घर का किराया मेरा नहीं, कागद मेरा नहीं. लेकिन आदमी अच्छा है. ये मैं बोलता, मुँह से.” कारकुनाने तिकीट पाहिलं, परवाना पाहिला, मुनव्वरला पाहिलं. मग त्याने जुना कागद मधोमध फाडला. दोन्ही पंजे एकदमच उठले. यूनुसचा नंबर वहीत चढला, तो पासपोर्ट यूनुसला मिळाला, मुनव्वरचा मुनव्वरला. चाचांनी वहीत दोन सह्या घेतल्या आणि एक कारकुनाची उगाचच घेतली.

पावणेबारा वाजता मॅनेजरच्या टेबलावर पासपोर्ट पडला. मॅनेजरने विचारलं, “पोटाचं कसं आहे?” मुनव्वर म्हणाला, “उतरलं.”

पण यूनुसचं मात्र मौन उतरलं नाही. तो निरोप घेतानाही फक्त “येतो” म्हणाला होता. पुढचे तीन आठवडे तो आला नाही. सुरैया आली, घर लागलं, हे झहूरकडून कळलं. झहूर म्हणाला, “तुला सांगितलं होतं, शिवण उसवलीय म्हण.” मुनव्वर रोज पोस्टाच्या खिडकीशी जायचा आणि पत्र नसलं की सुटकेचा श्वास टाकायचा. पत्र येऊ नये असं वाटणारा कुवेतमधला तो तेव्हा एकटाच हिंदुस्थानी असावा. एकदा स्टोअरमध्ये त्याने तीन नंबरच्या खणात सात नंबरचे बोल्ट टाकले, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

असमाचं पत्र आलं ते एका मंगळवारी. मुनव्वरने ते बिल्कीसकडे दिलं. “तूच वाच.”

बिल्कीसने चष्मा शोधला, मग दिव्याखाली बसली. आधी आईची तब्येत, मग बकरीला दोन करडं, मग मावशीचा गुडघा. मुनव्वर पलंगाच्या कडेला बसून पेटीकडे बघत होता. मग बिल्कीसचा आवाज हळू झाला.

“‘यूनुसभाईंचं पत्र त्यांच्या घरी आलं. अशरफच्या आईने ते आमच्याकडे येऊन मोठ्याने वाचून दाखवलं. त्यात भाईबद्दल त्यांनी असं लिहिलंय: मुनव्वरने मला पासपोर्ट दिला नाही. तो स्वतः आला, माझ्यासाठी दोन तास उभा राहिला आणि तोंडाने माझी हमी घेतली. खोटं बोललो हेही त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. एवढ्या वर्षांत मला नाही म्हणून नंतर सोबत आलेला हा पहिला माणूस. तारीख लवकर काढा.’”

बिल्कीसने पत्र खाली ठेवलं. मुनव्वरने ते उचललं आणि शेवटच्या ओळी स्वतः पुन्हा वाचल्या.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. यूनुस उभा होता, मागे सुरैया, हातात शिरखुर्म्याचं भांडं. यूनुस दारातच अडखळला.

“मुनव्वरभाई, एक मागायचं होतं. अशरफच्या निकाहला तुमचा तो सूट...”

मुनव्वरने बिल्कीसकडे पाहिलं, बिल्कीसने छताकडे.

“सूट कुणाकडे आहे ते मला आठवत नाही,” तो म्हणाला. “बस आधी. मग आपण दोघं मिळून शोधायला जाऊ.”